प्रॉक्समॉक्सवर व्हीएमचं नेटवर्क रडतंय, एसआर-आयओव्ही करू का?

कोल्हापुरी_रूट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेचा सर्व्हर सांभाळतो. प्रॉक्समॉक्स आहे, ६४ जीबी रॅम, इंटेलचं दोन पोर्टचं १० गिगाबिट कार्ड (82599 चिप). त्यावर दोन महत्त्वाची व्हीएम: एक विंडोज सर्व्हर, ज्यात हिशेबाचं सॉफ्टवेअर, डेटाबेस आणि सगळ्यांच्या फायली, दुसरं लिनक्स, त्यावर कॉलिंगचं ॲस्टेरिस्क. वसुलीच्या दिवशी एका वेळी शंभर-सव्वाशे कॉल चालू असतात.

तक्रार अशी की विंडोजवरून बॅकअपच्या मशीनला फाईल पाठवली की ४० एमबीच्या पुढे काटा सरकत नाही. दोन्ही मशीन १० गिगाबिटच्या स्विचवर आहेत. होस्टवरून थेट पाठवली तर सुसाट जाते. म्हणजे घोळ व्हीएममध्येच आहे. वाचलं की एसआर-आयओव्ही केलं की व्हीएमला कार्ड थेट मिळतं आणि खऱ्या मशीनचा वेग येतो. कुणी केलंय का? काय काय मोडतं?

सगळं_माहितीये

करून टाका, विचारताय काय. मधला हायपरवायझर म्हणजे दलाल, तो काढला की माल थेट. आणि तुमच्या विंडोजला e1000 कार्ड दिलेलं असणार, पैज लावतो. ते १ गिगाबिटचं कार्ड आहे, त्यामुळे वेग एक गिगाबिटवर अडकणारच.

जुना_सर्व्हर

थांबा, कुदळ उचलण्याआधी जमीन बघू. `qm config` चं आउटपुट टाका. विंडोजच्या व्हीएमचं.

कोल्हापुरी_रूट

```
net0: e1000=BC:24:11:5A:0E:31,bridge=vmbr0
ide0: local-lvm:vm-104-disk-0,size=200G
```

पैज जिंकली त्यांनी. हे व्हीएम माझ्या आधीच्या माणसाने लावलेलं.

जुना_सर्व्हर

पैज जिंकली, कारण मात्र चुकलं. e1000 मध्ये '१ गिगाबिट' हा विंडोजला दाखवायचा आकडा आहे फक्त. तिथे कुठलीही तार नाही, त्यामुळे एक गिगाबिटला अडवणारंही कुणी नाही. मोकळ्या सीपीयूवर ते कार्ड एकाच्या वर गेलेलं मी पाहिलंय. अडकतं ते वेगळ्याच कारणाने.

e1000 म्हणजे इंटेलच्या जुन्या कार्डाची हुबेहूब नक्कल. विंडोजचा ड्रायव्हर त्याला खरं कार्ड समजतो आणि खऱ्या कार्डाशी बोलावं तसा बोलतो: हे रजिस्टर लिही, ते वाच, इंटरप्ट का आला ते विचार. यातला प्रत्येक स्पर्श झाला की सीपीयू व्हीएममधून बाहेर पडतो, केव्हीएमकडे जातो, तिथून क्यूईएमयूकडे, तो कार्ड असल्याचं नाटक करून उत्तर देतो, मग परत आत. सरकारी कार्यालयात प्रत्येक कागदासाठी साहेबांच्या केबिनचं दार वाजवायचं आणि बाहेर उभं राहायचं, तसं.

व्हर्टआयओमध्ये नाटकच बंद केलंय. व्हीएमला माहीत असतं की आपण व्हीएम आहोत, आणि त्याचा ड्रायव्हर तसाच लिहिलेला असतो. दोघांच्या सामायिक मेमरीत एक ट्रे असतो. व्हीएम त्यात गठ्ठा ठेवतं: अमुक पत्त्यावर अमुक लांबीचं पॅकेट, असे पन्नास कागद. मग एकदाच बेल. साहेब आधीच ट्रे उपसत बसले असतील तर 'बेल वाजवू नका' अशी पाटी ते लावून ठेवतात, मग तीही वाजत नाही. काम झालेले कागद दुसऱ्या ट्रेमध्ये परत येतात. रस्टी रसेलने २००७-०८ च्या सुमारास हे लिनक्समध्ये आणलं आणि मूळ मांडणी आजही तीच आहे.

वर vhost आहे. ट्रे उपसायला क्यूईएमयूपर्यंत जावंच लागत नाही, कर्नलच उपसतो. प्रॉक्समॉक्समध्ये व्हर्टआयओ निवडलं की हे आपोआप चालू होतं. होस्टवर `top -H` लावा, व्हीएमवर लोड असेल तेव्हा `vhost-` ने सुरू होणारा धागा वर येतो. (इथला धागा नव्हे.)

म्हणून आधी नेटवर्क आणि डिस्क दोन्ही व्हर्टआयओवर आणा. एसआर-आयओव्हीचं नंतर बोलू. एक इशारा: विंडोजमध्ये ड्रायव्हर आधी घाला, बूट डिस्क नंतर बदला. उलटं केलंत तर निळा पडदा बघाल.

कोकणकडा

माझ्या लॅपटॉपवर व्हर्चुअलबॉक्समध्ये उबुंटू आहे. घरी १०० एमबीपीएसचं फायबर घेतलंय, पण उबुंटूत यूट्यूब अडकतं. मीही हे एसआर-आयओव्ही करू शकतो का? लॅपटॉप वायफायवर असतो.

जुना_सर्व्हर

नाही हो. १०० एमबीपीएसला कुठलंही नकली कार्ड पुरून उरतं. तुमचं यूट्यूब अडकतंय ते चित्र काढताना, पॅकेट आणताना नाही. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये बघा, आणि वेगळा धागा काढा.

कोल्हापुरी_रूट

इशारा वाचला होता. तरीही उलटंच केलं. 😐 व्हर्टआयओच्या ड्रायव्हरची आयएसओ लावली, डबल क्लिक करून इन्स्टॉलर चालवला, वाटलं झालं. बंद करून डिस्क ide0 वरून scsi0 वर घेतली आणि INACCESSIBLE_BOOT_DEVICE. परत ide0 केल्यावर उठलं, पण रात्रीचा एक वाजला.

जुना_सर्व्हर

हे नेहमीचंच. ड्रायव्हर डिस्कवर कॉपी झालेला असतो, पण ते हार्डवेअर विंडोजने कधी पाहिलेलंच नसल्यामुळे बूटच्या वेळी तो लवकर लोड करायच्या यादीत गेलेला नसतो. मग C: जिच्यावर आहे ती डिस्कच त्याला दिसत नाही.

उपाय सोपा आहे. बूट डिस्क ide0 वरच राहू द्या. शेजारी १ जीबीची एक डमी डिस्क scsi1 म्हणून जोडा आणि विंडोज चालू करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्हर्टआयओचा स्कझी कंट्रोलर दिसला पाहिजे, पिवळ्या खुणेशिवाय, आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती १ जीबीची डिस्क. दिसली की बंद करा, मुख्य डिस्क scsi0 वर न्या, बूट ऑर्डरमध्ये scsi0 वर टिक करा (हे हमखास विसरतं), डमी काढून टाका.

```
scsihw: virtio-scsi-single
scsi0: local-lvm:vm-104-disk-0,discard=on,iothread=1,size=200G
net0: virtio=BC:24:11:5A:0E:31,bridge=vmbr0
```

नेटवर्कचा मॅक पत्ता तोच ठेवा. तरी विंडोजला ते नवीन कार्डच वाटणार आणि स्थिर आयपी पुन्हा घालावा लागणार. तो घालताना 'हा आयपी दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे, जे आता मशीनमध्ये नाही' असा निरोप येईल. जुन्या e1000 चं भूत आहे ते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगा आणि उपटून टाका.

कोल्हापुरी_रूट

झालं! डमी डिस्कवाला मार्ग पहिल्या फटक्यात चालला. भूतही सापडलं.

आता आकडे. `iperf3` एका प्रवाहात साधारण ५ गिगाबिट, `-P 4` दिल्यावर ९.४. आधी e1000 वर १.१ च्या आसपास होतं आणि तेव्हा क्यूईएमयू दोन कोअर खात होता. फाईल कॉपी ४० एमबीवरून ३८० वर गेली. होस्टवर `perf kvm stat live` लावून बघितलं, आधी बाहेर पडण्याचे आकडे पळत होते, आता चालतायत.

सगळं_माहितीये

३८० काहीच नाही. माझ्या व्हीएममध्ये डिस्कचा वेग ४ जीबी प्रति सेकंद येतो, खाली साधी साटा एसएसडी आहे. डिस्कची कॅश writeback करा. व्हीएम खऱ्या मशीनपेक्षा वेगात चालतं, हे लोकांना माहीतच नाही.

बाईट_बाई

साटाच्या तारेतून सेकंदाला ५५० एमबीच्या आसपासच जातं. तुमचे उरलेले साडेतीन जीबी होस्टच्या रॅममधून येतायत. टेस्टची फाईल होस्टच्या रॅमपेक्षा मोठी करा, किंवा होस्टवरच्या डिस्कचं `iostat` शेजारी उघडं ठेवून बघा, खाली काहीच हलत नसेल. डेटाबेसवाल्यांनी कॅश none ठेवून मोजावं, नाहीतर रॅमचा वेग मोजून डिस्कचं कौतुक व्हायचं.

सगळं_माहितीये

बरं, हे मान्य. पण बूट तर भराभर होतं ना.

कोल्हापुरी_रूट

आता मूळ प्रश्न. विंडोजचं भागलं. ॲस्टेरिस्कचं व्हीएम आधीपासून व्हर्टआयओवरच आहे, पण वसुलीच्या दिवशी आवाज मधेच तुटतो. तिथे एसआर-आयओव्ही करावं म्हणतो. आवाजाची पॅकेट लहान आणि भरपूर असतात ना?

जुना_सर्व्हर

भरपूर म्हणजे किती ते मोजू. G.711 चा कॉल २० मिलिसेकंदाचं एक पॅकेट, म्हणजे एका दिशेला सेकंदाला ५०. तुमचा सर्व्हर मध्ये बसलेला, कॉलचे दोन पाय, प्रत्येक पायावर ५० येणार आणि ५० जाणार. एका कॉलमागे २००. १२० कॉल धरले तर सेकंदाला २४,०००. १० गिगाबिटच्या तारेवर सगळ्यात लहान पॅकेट ठासून भरली तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख मावतात. तुमचे चोवीस हजार व्हर्टआयओला चहाच्या टपरीवरचं गिऱ्हाईक. लाखांच्या पुढे, दहा लाखांकडे जायला लागलात की vhost चा एक कोअर पूर्ण भरतो आणि पॅकेट गळायला लागतात. एसआर-आयओव्हीचा खरा फायदा तिथे.

बाईट_बाई

संख्येबद्दल मान्य. पण आवाजात संख्येपेक्षा वेळेवर पोचणं मोठं. मी टेलिकॉमवाल्यांचीच कामं करते, तिथे सरासरीला कुणी विचारत नाही, सगळ्यात वाईट पॅकेट किती उशिरा आलं ते विचारतात. व्हर्टआयओमध्ये तुमचं पॅकेट vhost च्या धाग्यावर अवलंबून. तो धागा म्हणजे होस्टवरचं एक साधं काम. त्याच कोअरवर विंडोजचा बॅकअप चढला की तो रांगेत उभा. सरासरी उत्तम राहते आणि मधेच एक पॅकेट ३० मिलिसेकंद लटकतं.

एसआर-आयओव्हीचं व्हर्चुअल फंक्शन, म्हणजे व्हीएफ, दिलं की तो धागाच वाटेत राहत नाही. एका कार्डाचे तुकडे पडतात, प्रत्येकाला स्वतःच्या रांगा आणि स्वतःचा पीसीआय पत्ता, आणि कार्ड थेट व्हीएमच्या मेमरीत लिहितं. दुसऱ्याच्या मेमरीत लिहू नये म्हणून आयओएमएमयू पहाऱ्याला. मी असते तर केलं असतं.

जुना_सर्व्हर

पण व्हीएमचा व्हीसीपीयूही होस्टवरचं एक साधं कामच की. बॅकअप त्याच्या कोअरवर चढला तर व्हीएफने पॅकेट मेमरीत आणून ठेवलं तरी ते उचलायला कोण जागं आहे? आधी कोअर बांधून द्या.

बाईट_बाई

दोन्ही करावं, एवढंच म्हणते.

कोल्हापुरी_रूट

तुमचं दोघांचं भांडण मिटायची वाट न बघता रविवारी केलं. बायोसमध्ये व्हीटी-डी आणि एसआर-आयओव्ही चालू केलं, कर्नलच्या ओळीत `intel_iommu=on iommu=pt` घातलं, रीबूट, मग

```
echo 4 > /sys/class/net/enp3s0f0/device/sriov_numvfs
ip link set enp3s0f0 vf 0 mac 52:54:00:10:20:30
qm set 110 -hostpci0 0000:03:10.0
```

व्हीएम उठलं, आत 82599 चं व्हर्चुअल फंक्शन दिसलं, बाहेरच्या फोनवरून कॉल लागले. खूश. मग कळलं की ॲस्टेरिस्क विंडोजवरच्या डेटाबेसला पोचतच नाही! दोन्ही व्हीएम एकाच होस्टवर, एकाच सबनेटमध्ये. बाहेरच्या लॅपटॉपवरून दोन्हींना पिंग लागतं. एकमेकांना लागत नाही. फायरवॉल दोन्हीकडे बंद करून पाहिली. आणि गंमत म्हणजे ॲस्टेरिस्कवर `ip neigh` मध्ये विंडोजचा मॅक बरोबर दिसतोय! एआरपी होतंय आणि पिंग नाही, हे कसं?

जुना_सर्व्हर

याचीच वाट बघत होतो. विंडोज vmbr0 वर आहे आणि तो ब्रिज त्याच enp3s0f0 वर, बरोबर?

कार्डाच्या पोटात एक छोटा स्विच आहे. व्हीएफ आणि मूळ पोर्ट हे त्याचे दरवाजे. पण हा स्विच शहाणा नाही, पॅकेट बघून तो पत्ते शिकत नाही. ड्रायव्हरने यादीत जे मॅक लिहून दिले तेवढेच त्याला माहीत. व्हीएफचा मॅक यादीत आहे, होस्टचा आहे. ब्रिजच्या मागे बसलेल्या विंडोजचा नाही.

आता तुमचं पॅकेट बघा. ॲस्टेरिस्क विचारतं, 'विंडोजचा मॅक काय?' हा प्रश्न सगळ्यांना उद्देशून असतो, म्हणून कार्ड त्याची प्रत मूळ पोर्टलाही देतं आणि ब्रिजमार्गे ती विंडोजला मिळते. विंडोज उत्तर देतं ते व्हीएफच्या मॅकला, तो यादीत आहे, पोचलं. म्हणून `ip neigh` मध्ये तुम्हाला मॅक दिसतो. पुढे पिंग निघतं थेट विंडोजच्या मॅककडे. कार्ड यादी बघतं, नाव नाही, म्हणजे बाहेरचा असणार, तारेवर टाकून देतं. बाहेरच्या स्विचला मात्र ठाऊक असतं की विंडोजचा मॅक याच पोर्टवर राहतो, आणि ज्या पोर्टवरून आलं त्याच पोर्टवर स्विच परत पाठवत नाही. पॅकेट तिथेच मेलं. होस्टवर `tcpdump -ni vmbr0 icmp` लावा, ॲस्टेरिस्ककडून आलेलं एकही पिंग दिसणार नाही.

यादीत नाव घाला:

```
bridge fdb add bc:24:11:5a:0e:31 dev enp3s0f0
```

कोल्हापुरी_रूट

एंटर दाबलं आणि त्या खिडकीत पिंग धो धो सुरू झालं. दोन तास फायरवॉलला शिव्या घातल्या त्या परत घेतो.

जुना_सर्व्हर

पण ही ओळ ब्रिजवरच्या प्रत्येक व्हीएमसाठी लागणार, नवीन व्हीएम केलं की पुन्हा, आणि कार्डात अशा पत्त्यांना जागा मोजकीच असते. तुमच्याकडे दोन पोर्ट आहेत ना? ब्रिज f1 वर हलवा आणि f0 फक्त व्हीएफला ठेवा. मग दोघांमधली पॅकेट बाहेरच्या स्विचमधून नेहमीच्या वाटेने फिरतील. एका बॉक्समधल्या दोन व्हीएमना बोलायला बाहेरून वळसा पडतो, पण लक्षात ठेवायचं काही उरत नाही.

कोल्हापुरी_रूट

ब्रिज f1 वर नेला. आठवड्याचा अहवाल देतो.

मंगळवारी लाइट गेली, यूपीएसही संपला. होस्ट परत उठला आणि ॲस्टेरिस्क उठेना. कारण `sriov_numvfs` रीबूटनंतर पुन्हा शून्य, 03:10.0 नावाचं उपकरणच नाही. वसुलीचाच दिवस. संस्थेतल्या काकांनी फोनवर जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. आता ते `echo` आणि मॅकची ओळ `/etc/network/interfaces` मध्ये post-up म्हणून घातलीय. मॅकची ओळ नसेल तर दर रीबूटला व्हीएमला नवा मॅक मिळतो, हेही कळलं, कारण डीएचसीपीने भलताच आयपी दिला होता.

दुसरं, ॲस्टेरिस्कला ८ जीबी दिलेत, आधी होस्टवर वापर तीनच दिसायचा. आता चालू करताच पूर्ण ८ जातात. हे बरोबर आहे का?

बाईट_बाई

बरोबर आहे. कार्ड व्हीएमच्या कुठल्याही पानावर कधीही लिहू शकतं, म्हणून सगळी मेमरी जागेवर खिळून ठेवावी लागते. बलूनिंग विसरा. चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणंही विसरा. कार्डाच्या पोटातली स्थिती क्यूईएमयूला वाचता येत नाही, तो हलवायला नकार देतो. रॅमसकट स्नॅपशॉटचंही तेच.

सगळं_माहितीये

पण क्लाउडवाले तर सगळीकडे हेच वापरतात. त्यांचं कसं हलतं?

बाईट_बाई

अझ्युअरवर व्हीएमला दोन कार्डं असतात, एक व्हीएफ आणि एक नकली, दोन्हींचा मॅक एकच. होस्टवर काम काढलं की व्हीएफ हळूच काढून घेतात, वाहतूक नकलीवर जाते, काम झालं की परत. वेग थोडा वेळ पडतो, कनेक्शन तुटत नाही. लिनक्समध्येही ४.१८ पासून `net_failover` त्याचसाठी आहे, व्हर्टआयओ राखीव आणि व्हीएफ पुढे. प्रॉक्समॉक्सच्या पडद्यावर मात्र असं टिक करायला चौकोन नाही, हाताने करावं लागेल.

कोल्हापुरी_रूट

माझा दुसरा होस्टच नाही, त्यामुळे हलवायचा प्रश्न येत नाही. 🙂

आवाज? गेल्या वसुलीच्या दिवशी एकही तक्रार नाही. पण खरं सांगायचं तर त्याच रविवारी मी ॲस्टेरिस्कचे दोन व्हीसीपीयू कोअरला बांधले आणि विंडोजचा बॅकअप दुपारऐवजी रात्री दोनला नेला.

जुना_सर्व्हर

अहो, तीन गोष्टी एकदम बदलल्यात! आता श्रेय कुणाला द्यायचं? पुढच्या वेळी hostpci0 काढून परत व्हर्टआयओ लावा, बाकी दोन तसेच ठेवा, आणि ॲस्टेरिस्कमध्ये जिटरचे आकडे बघा. पाच मिलिसेकंदाच्या आत राहिले तर व्हीएफ फुकट बांधलंय.

बाईट_बाई

सरासरी नको, कमाल बघा.

कोल्हापुरी_रूट

वसुलीच्या दिवशी काढायला काका परवानगी देतील असं वाटत नाही. महिनाअखेर झाली की बघतो.

कोकणकडा

डिस्प्लेची मेमरी १६ वरून १२८ केली, यूट्यूब चाललं. धन्यवाद.